तीनशे रुपये, साठ हप्ते आणि एक सही

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजातल्या बाईंचा फोन आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना बचतीवर दहा मिनिटं काहीतरी बोल, म्हणाल्या. "तू पोस्टात पैसे टाकायचीस ना, तेच सांग." मी गेले, बोलले, आणि दहातली सहा मिनिटं सहीवरच गेली. बाईंना बहुधा वेगळं काहीतरी अपेक्षित होतं. पण माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून तेच इथे नीट लिहून ठेवते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पूर आला तेव्हा मी पुण्यात पहिल्या वर्षाला होते. आमचं दुकान पाण्यात. घरून दर महिन्याला तीन हजार यायचे, ते त्या महिन्यात आले नाहीत, आणि मागायची सोय नव्हती. मेसचे पैसे मैत्रिणीने भरले. वाईट वाटलं ते उसने घेण्याचं नव्हतं. आदल्याच महिन्यात मी तीन हजारांतले जवळपास तीनशे नुसत्या चहा-वडापावात घालवले होते आणि ते कुठे गेले हे मला आठवतही नव्हतं, याचं वाटलं. सप्टेंबरमध्ये पैसे परत सुरू झाले तेव्हा ११ तारखेला पोस्टात जाऊन तीनशेची आर.डी., म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, उघडलं. फॉर्म, आधार, दोन फोटो, सही, पासबुक. अर्ध्या तासाचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पोस्टाची आर.डी. पाच वर्षांची असते, म्हणजे साठ हप्ते. व्याजाचा दर उघडताना जो असेल तोच शेवटपर्यंत राहतो. मी उघडली तेव्हा ७.२ टक्के होता. पुढे एप्रिल २०२० मध्ये नव्या खात्यांसाठी तो ५.८ वर आला, माझा मात्र ७.२ च राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्या खात्यांचा दर ६.७ झाला. ७.२ ने साठ महिने तीनशे भरले की माझे अठरा हजार जातात आणि २१,६९४ रुपये हातात येतात. मुलांना हे सांगितल्यावर मागून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे पाच वर्षांत साडेतीन हजारच वाढले?" हो, ३,६९४. त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं कबूलही केलं. व्याजासाठी कुणी तीनशेची आर.डी. काढू नये. मला ती लागली ती मोजदादीसाठी. पासबुकात दर महिन्याला एक ओळ वाढते आणि न वाढलेली ओळ लगेच दिसते. डब्यात ठेवलेल्या पैशाला अशी ओळ नसते. माझी आई तांदळाच्या डब्यात ठेवायची, तिला कधीही विचारा, "आहेत थोडे."

रक्कम किती ठेवायची, यावर मी बरीच बोलले, कारण इथे माझ्या वर्गातला एक मुलगा फसला. त्याला घरून चार हजार यायचे आणि त्याने एकदम हजाराची आर.डी. उघडली. पहिले आठ महिने जोरात. मग सहलीचा महिना आला, मग परीक्षा फी, मग मोबाईल फुटला. हप्ता चुकला की शंभराला महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे त्याला महिन्याचे दहा रुपये. दहा रुपयांचं कुणाला काय! पण चार हप्ते थकले की खातं खंडित होतं, आणि चौथा हप्ता थकल्यापासून दोन महिन्यांत सगळे थकलेले हप्ते भरले नाहीत तर त्यात पुढे काही भरताच येत नाही. त्याला एकदम चार हजार कुठून आणायचे? ते खातं तसंच पडून राहिलं. उघडल्यापासून तीन वर्षं झाल्याशिवाय मोडता येत नाही, आणि मुदतीआधी मोडलं की व्याज बचत खात्याचं, म्हणजे चार टक्के. त्याने शेवटी मोडलंच.

म्हणून मी मुलांना म्हटलं, रक्कम चांगल्या महिन्याकडे बघून ठरवू नका. वर्षातला सगळ्यात कडकीचा महिना आठवा, त्या महिन्यातही कुणाकडे न मागता भरता येईल तेवढीच रक्कम. सध्या किमान शंभर रुपये, पुढे दहाच्या पटीत. शंभरची उघडायला लाज वाटू देऊ नका, काउंटरवरच्यांना तुमच्या रकमेशी घेणंदेणं नसतं. त्यांना घेणंदेणं असतं ते सहीशी.

सप्टेंबर २०२४ ला माझ्या आर.डी.ची पाच वर्षं पूर्ण झाली. तोवर मी नोकरीनिमित्त नाशिकला होते. पुण्याच्या ज्या पोस्टात खातं होतं तिथूनच पैसे घ्यायचे असं मी ठरवलं होतं आणि १ ऑक्टोबरला नव्या खोलीचं डिपॉझिट द्यायचं होतं, वीस हजार. हिशोब इतका सुरेख जमला होता की मी स्वतःवर खूश होते.

शनिवार, १४ सप्टेंबर. पहाटेची एस.टी. पकडून पुण्याला. रांगेत पाऊण तास. काउंटरवरच्या काकांनी पासबुक घेतलं, खातं बंद करायचा फॉर्म दिला, मी भरला, सही केली. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, परत स्क्रीनकडे.

"ताई, ही सही कुणाची?"

"माझीच."

"इथे दुसरीच आहे."

अठराव्या वर्षी मी सांगलीहून आले होते आणि मराठीत पूर्ण नाव लिहून सही करायचे, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून. पॅन कार्ड तिसऱ्या वर्षाला काढलं, त्यावर इंग्रजी सही केली, कारण कुणीतरी म्हणालं की तीच बरी दिसते. नोकरीत रोज तीच करते. पोस्टात उघडताना दिलेली सही स्कॅन होऊन त्यांच्या संगणकात बसलेली असते आणि पैसे काढताना तीच समोर येते. पाच वर्षं पैसे भरताना एकदाही सही पडताळली गेली नव्हती, कारण पैसे देणाऱ्याची सही कोण बघतंय!

"मग मराठीत करते," म्हटलं. केली. पण कित्येक वर्षं न केलेली सही म्हणजे दुसऱ्याच्या हस्ताक्षराची नक्कल. शेपटी वळलीच नाही. दुसऱ्यांदा केली, ती आणखी वाईट. तिसऱ्यांदा हात थरथरायला लागला आणि मागच्या आजोबांनी खाकरून वेळेची जाणीव करून दिली. काका म्हणाले, "तुम्ही जितक्या सह्या कराल तितका माझा संशय वाढेल." आता हसू येतं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. आधारवर फोटो माझा, पासबुकावर नाव माझं, समोर उभी मी, आणि तरी मी ती नव्हते. त्यांचंही चूक नाही हे मला आज कळतं. वाईट याचं वाटतं की "मग काय करायचं" हे त्यांनी सांगितलं नाही. "नंतर या" एवढंच. नंतर म्हणजे कधी, काय घेऊन, काही नाही. मी बाहेर पायरीवर बसले, मग परत आत जाऊन थेट पोस्टमास्तर मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं: सही बदलण्याचा अर्ज, नव्याने के.वाय.सी., आधार-पॅनच्या प्रती, फोटो, आणि पोस्टात ज्याचं खातं आहे असा ओळखीचा साक्षीदार. काउंटरवर अडलात तर तिथेच वाद घालू नका, आतल्या टेबलापर्यंत जा, हे मुलांना मी दोनदा सांगितलं.

साक्षीदार कुठून आणायचा? कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांचं तिथे खातं होतं. ते २१ तारखेला दुकान मुलाकडे सोपवून आले. बिचारे दीड तास उभे. अर्ज दिला, आणि सर्व्हर बंद. बारा वाजता सुरू झाला, परत गेला. शेवटी नवी सही स्कॅन झाली, पण "आज पडताळणी होणार नाही, पुढच्या वेळी पैसे घ्या." दुसरी फेरी वाया. एस.टी.चं भाडं मी मोजलं नाही, मोजलं असतं तर व्याजाचा बराच भाग त्यातच गेलेला दिसला असता.

२८ तारखेला सही जुळली. काउंटरवरचे काका हसलेसुद्धा. मग म्हणाले, "रोख मिळणार नाही. वीस हजार किंवा वर असलं की चेक, नाहीतर पोस्टाच्या बचत खात्यात." हे मला कुणीही सांगितलं नव्हतं! पोस्टाचं बचत खातं माझं नव्हतं, म्हणून चेक घेतला. तो नाशिकला बँकेत भरून जमा होईपर्यंत १ ऑक्टोबर उलटला. खोलीचं डिपॉझिट मी मैत्रिणीकडून उसनं घेऊन दिलं. तीच मैत्रीण, मेसचे पैसे भरणारी. पाच वर्षं उसनं न घेण्यासाठी पैसे साठवले आणि ते काढताना उसनं घेतलं. तीन दिवसांत परत केलं, ते सोडा.

तर आर.डी. उघडताना सही पॅन कार्डवर आहे तीच करा. पॅन नसेल तर आधी सही पक्की करा, मग पॅन, मग खातं. त्याच पोस्टात साधं बचत खातंही उघडा, पाचशे रुपयांत उघडतं, मग शेवटी पैसे थेट तिथे येतात. ही गोष्ट खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवी होती.

तारखेचंही एक राहिलं. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचे हप्ते १५ पर्यंत भरायचे. १६ नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. मी ११ तारखेला उघडली हे नशीब, कारण घरून पैसे पाच तारखेला यायचे आणि महिनाअखेरीस माझ्याकडे काही उरायचं नाही. महिनाअखेरची मुदत असती तर मी तीनशे रुपये आधी वडापावला दिले असते. आणि पोस्टाच्या पेमेंट्स बँकेच्या खात्यातून मोबाईलवर हप्ता भरता येतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर पासबुक घेऊन रांग. लॉकडाऊनमध्ये सांगलीच्या पोस्टातही भरता आलं, खातं पुण्याचं असूनही.

बोलून झाल्यावर एक मुलगी आली. म्हणाली, शंभराने सुरुवात करायचीये, पण पॅन अजून आलेलं नाही. मी तिला वहीच्या मागच्या पानावर सही करून दाखवायला सांगितलं. तिने इंग्रजीत केली, मग खोडून मराठीत केली, मग माझ्याकडे बघितलं. म्हटलं, कुठलीही कर, पण आज रात्री घरी बसून वीस वेळा कर.