होडीची पट्टी, भाग दोन: तडा भोकाशी नाही, खांद्याशी

पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली की हाताला काम उरत नाही. देवगडला पडवीत बसून पागोळ्या बघण्यापेक्षा डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारेची पट्टी नव्याने बनवायला घेतली. जुनी स्टेनलेसची पट्टी वर ४० मि.मी. रुंद होती आणि खाली एकदम २० मि.मी. होत होती. रुंद भागात मधोमध १० मि.मी.चं भोक, दोरी ओवायला पाडलेलं. त्या भोकावर तारेचं ओझं येत नाही. तडा मात्र भोकाशी नव्हता, रुंदी कमी होते त्या खांद्याच्या आतल्या कोपऱ्यात होता. तिथली गोलाई जेमतेम १ मि.मी. भरली.

भोकाचं गणित जुनं आहे. जर्मन अभियंते किर्श यांनी १८९८ मध्ये दाखवलं की खूप रुंद पत्र्याला ओढलं तर गोल भोकाच्या दोन्ही बगलांना, ओढीच्या आडव्या रेषेत, ताण तिप्पट होतो. भोक लहान की मोठं, याने तिप्पट बदलत नाही. काठापासून एक त्रिज्या दूर गेलं की तोच ताण सरासरीच्या १.२२ पट उरतो. म्हणजे भानगड सगळी काठाशीच. आमची पट्टी ४० चीच रुंद असल्याने हा आकडा, रुंद भागातल्या सरासरी ताणाच्या हिशेबात, ३.२ च्या आसपास जातो.

हे डोळ्यांनी बघायचं म्हणून पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यातून तशीच पट्टी कापली. अॅक्रिलिक घेऊ नका, त्यात रंग फार फिके उमटतात. कापल्यावर ओझं न लावताच काठाला रंग दिसले तर तो तुकडा बाद. करवतीच्या किंवा ड्रिलच्या उष्णतेचा ताण आत राहिलेला असतो. मागे लॅपटॉपची पांढरी स्क्रीन, डोळ्यासमोर कॅमेऱ्याचा पोलारायझर फिल्टर, स्क्रीन काळी पडेपर्यंत फिरवलेला. सर्क्युलर फिल्टर असेल तर कॅमेऱ्याकडची बाजू डोळ्याकडे ठेवायची. उलटा धरला तर फिरवून स्क्रीन काळी पडतच नाही. स्क्रीनच्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा पट्टीशी ४५ अंशांत यायला हवी, नाहीतर नेमकी बघायची जागा काळ्या पट्ट्याखाली जाते. गरज पडली तर लॅपटॉप तिरका टेकवा.

पट्टी वाशाला टांगली, खाली बादली, आणि मगाने पाणी. पांढऱ्या प्रकाशात ताण वाढेल तसा रंग राखाडी, पांढरा, पिवळा, तांबडा असा चढतो आणि मग एक अरुंद जांभळी रेघ येते. ती पहिली फेरी. मोकळ्या काठावर ताण फक्त काठाच्या दिशेने असतो, त्यामुळे तिथला रंग थेट काठाचा ताण सांगतो. रेघा मोजत बसण्यापेक्षा मी सोपं केलं: ज्या काठाला जांभळा कमी पाण्यात टेकेल, तिथे ताण जास्त.

सर्वांत आधी जांभळा टेकला तो खांद्याच्या कोपऱ्यात, बादलीसकट सुमारे ५ किलोला. भोकाच्या बगलेला तोच रंग यायला ९ किलोच्या जवळपास लागले. अरुंद भागाच्या मधोमध, कोपऱ्यापासून दूर, तो १४ किलोच्या पुढे दिसला. चौदाला पाचाने भागा: कोपऱ्यात Kt, म्हणजे ताण सरासरीच्या किती पट तो आकडा, २.८ च्या घरात. आलेखांतून निघणारं सूत्र या मापांना (रुंदी दुप्पट, गोलाई अरुंद भागाच्या रुंदीच्या ०.०५) साधारण २.९ देतं. भोकाचा आकडा ३.२ हा त्याहून मोठा, पण तो रुंद भागाच्या सरासरीवर, कोपऱ्याचा २.९ हा निम्म्या रुंदीवर, म्हणजे दुप्पट सरासरीवर. पट्टीची जाडी दोन्हीकडे सारखीच, म्हणून इथे ती हिशेबातच येत नाही. तिप्पट म्हटलं की सगळे भोकाकडेच बघतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

मग कोपरा कानशीने ८ मि.मी. गोल केला. दोन्ही बाजूंना पायरी १० ची आहे, तेव्हा एवढी गोलाई, म्हणजे फिलेट, आरामात बसते. सूत्राने Kt आता दीडच्या किंचित खाली यायला हवा. पाणी ओतलं, पाच किलोला कोपरा नुसता पांढुरका. नऊच्या सुमारास जांभळा आधी भोकाला टेकला, फिलेटला त्यानंतर जरासं पाणी घालावं लागलं. गोलाई ६ ठेवली असती तर दोघं जवळपास एकदमच पोहोचले असते.

स्टीलमध्ये एकदाच ओढल्याने तो कोपरा तुटत नसतो. थोडा वाकतो, ताण शेजारी वाटला जातो. होडी डुलत असते, ताण वरखाली होत राहतो आणि खारं पाणी जोडीला, म्हणून तडा कोपऱ्यातून सुरू होतो. त्यामुळे नव्या पट्टीत फिलेट घासताना शेवटचा हात पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच फिरवतोय. आडवे ओरखडे म्हणजे बारीक कोपरेच. खालच्या टोकाचं बोल्टचं भोक या हिशेबात धरू नका: तिथे बोल्ट स्वतः काठावर दाबतो आणि आकडा वेगळाच, चढाच निघतो. त्यासाठी पुढच्या वेळी तारेऐवजी पिन लावून तीच बादली टांगणार आहे.