तुम्ही विचारलंत म्हणून: प्रश्न हुशारीचा नाही, बेरजेचा आहे

"सर, इतकी वर्षं कॉमर्स शिकवलंत, मग एखादा चांगला फंड मॅनेजर सांगायचं सोडून सगळ्यांना इंडेक्स फंडच का सांगता?"

फंड मॅनेजर हुशार नसतात असे मी कधीही म्हटलेले नाही, तरी ते वाक्य माझ्या तोंडी घातले जाते आणि त्याचा मला त्रास होतो. माझा मुद्दा बेरजेचा आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ साली एका छोट्या लेखात तो मांडला आणि त्याला शाळेतल्या अंकगणितापलीकडे काही लागत नाही.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत निवृत्त प्राध्यापकांच्या एका बैठकीत मी तो फळ्यावर मांडला होता. समजा, बाजारातील सर्व शेअर्सची किंमत १०० रुपये आहे आणि त्यांपैकी ३० रुपयांचे शेअर्स इंडेक्स फंडांकडे आहेत. हे फंड निवड करत नाहीत, बाजाराच्या प्रमाणातच सर्व काही घेतात. म्हणजे प्रत्येक कंपनीचे ३० टक्के शेअर्स त्यांच्याकडे असतात. मग प्रत्येक कंपनीचे उरलेले ७० टक्के शेअर्स निवड करणाऱ्या सर्वांच्या हाती मिळून असणारच. वर्षभरात बाजार १२ टक्के वाढून ११२ झाला. इंडेक्स फंडांचे ३० रुपये ३३.६० झाले. उरले ७८.४०, म्हणजे ७० रुपयांवर नेमके १२ टक्के. एका मॅनेजरने एखाद्या बँकेचे शेअर्स प्रमाणापेक्षा जास्त घेतले, तर दुसऱ्या कुणाकडे तरी ते तेवढेच कमी असतात. ती बँक बाजारापेक्षा जास्त वधारली की एकाला जे जादा मिळते तेच दुसऱ्याला कमी पडते आणि बेरीज शून्य येते.

इथवर खर्च धरलेलाच नाही. व्यवस्थापन शुल्क, वितरकाचे कमिशन, दलाली आणि खरेदी-विक्रीवरील कर मिळून २ टक्के धरले, तर त्या ७० रुपयांचा सरासरी परतावा १० टक्क्यांवर येतो. इंडेक्स फंडालाही खर्च असतो, पण तो बराच कमी असतो. १० लाख रुपये २० वर्षे १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ९६.५ लाख होतात आणि १० टक्क्यांनी वाढले तर सुमारे ६७.३ लाख, हेही मी फळ्यावर लिहिले.

माझे एक जुने सहकारी, जे स्वतः संख्याशास्त्र शिकवत, प्रत्येक पायरीला मान डोलावत होते. शेवटी त्यांनी खिशातून वितरकाने दिलेले पत्रक काढले आणि म्हणाले, "हिशेब मान्य आहे, पण माझा फंड त्या सरासरीतला नाही." पत्रकात त्यांचा फंड निफ्टी या बाजाराच्या निर्देशांकाच्या पुढे दिसत होता. मी दाखवले की तो निफ्टी लाभांश न धरलेला आहे, तर फंडाच्या परताव्यात कंपन्यांकडून मिळालेला लाभांश धरलेला आहे. या एका गोष्टीने वर्षाला एक-सव्वा टक्क्याचा फरक पडतो. योजनांची तुलना लाभांशासह असलेल्या निर्देशांकाशीच व्हावी असे सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेने २०१८ पासून बंधनकारक केले, ते याचसाठी. शिवाय त्या फंडात मध्यम आकाराच्या कंपन्याही होत्या, ज्या निफ्टी ५० मध्ये नसतात. त्या सहकाऱ्यांनी पत्रक घडी करून ठेवले आणि सर्वांसमोर विचारले, "म्हणजे मी फसलो असं म्हणायचंय का तुम्हाला?" चहाला ते थांबले नाहीत आणि त्यानंतर बरेच दिवस आमचे बोलणे नव्हते. मला ते अजून लागते; पण ते आकडे मी लिहायला नको होते असे मला आजही वाटत नाही.

पूर्वी मी वर्गात सांगत असे की हा नियम अमेरिकेसारख्या मुरलेल्या बाजाराला लागू पडतो, आपल्याकडे निवडीला वाव आहे. त्या शिक्षकाला मी आज सांगेन की भाव अचूक असोत वा नसोत, बेरीज तीच राहते. मात्र त्याचे एक म्हणणे मला खोडता येत नाही. निवड करणाऱ्यांत केवळ म्युच्युअल फंड नाहीत. परदेशी संस्था आहेत आणि स्वतः शेअर्स घेणारे तुमच्या-आमच्यासारखे लोकही आहेत. हे बाकीचे मागे पडले, तर सगळे फंड मिळून काही काळ बाजाराच्या पुढे राहू शकतात. शार्प यांचे गणित त्याला मज्जाव करत नाही. शिवाय निर्देशांकात कंपनी आत आली वा बाहेर गेली की इंडेक्स फंडालाही ठरल्या वेळी व्यवहार करावाच लागतो आणि तो अनेकदा महागात पडतो.

आणि सगळेच इंडेक्स फंडात गेले तर शेअर्सचे भाव ठरवणार कोण, असे कुणी विचारले की मी गप्प होतो, कारण भाव ठरवण्याचे काम निवड करणारेच करतात आणि त्यांना त्याचा मोबदला मिळायला हवा. फक्त तो माझ्यासमोर बसलेल्या निवृत्त माणसाने आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून का द्यावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.