कुठला भोंगा?

12 जानेवारीला आमच्या गल्लीतल्या वाचनालयात सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर बोलायचं होतं, वेळ पाच मिनिटं, चौथ्याला पहिली घंटा आणि पाचव्याला माईक बंद. मी ड्राफ्ट मनातल्या मनात वाचला, साडेचार मिनिटं, खूश झालो. मग भाची म्हणाली मामा मोठ्यानं वाचा की, तर आठ मिनिटं! डोळे पळतात तशी जीभ पळत नाही, शिवाय कागदावर 1931 हा एकच शब्द असतो, तोंडातून मात्र एकोणीसशे एकतीस असा आख्खा बाहेर पडतो.

शब्द मोजले, 880. म्हणजे माझा वेग मिनिटाला 110. टाळ्या, घोट पाणी यासाठी अर्धा मिनिट सोडलं तर मला परवडत होते 495.

आधी 'व्यासपीठावरील सन्माननीय'वाली रांग उडवली, 50 शब्द गेले. मग पेन घेऊन प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो एका ओळीत काय सांगतो ते लिहिलं. दुसऱ्या, पाचव्या आणि शेवटच्या शेजारी एकच ओळ आली: येरवड्यात फाशी. वाचताना हे कळलंच नव्हतं, कारण एकदा 'फासावर चढले', एकदा 'प्राणार्पण केलं', एकदा 'मृत्यूला कवटाळलं', शब्द बदलले की आपल्याला वाटतं नवीन काहीतरी सांगतोय. मधलं ठेवलं, कारण मे 1930 मधला उठाव, मग मार्शल लॉ, मग खटला अशी गोष्ट तिथंच फाशीपर्यंत पोचते. बाकीचे 130 शब्द गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ही चार नावं म्हणायला वेळ लागतो खरा पण त्यांना हात लावायचा नाही हे ठरलेलं.

तरी 700 उरलेच. आता नजर गेली आजोबांच्या गोष्टीवर, मिलचा भोंगा, पहाटेची पाळी, डब्यातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, 210 शब्द. ड्राफ्टमधला सगळ्यात छान भाग, आणि तीच गोची. स्वतःला विचारलं, हे काढलं तर त्या चौघांबद्दल काही कळायचं राहतं का? नाही राहत. काढलं बाबा, जीवावर आलं. उरले 490.

पुन्हा मोठ्यानं वाचलं, साडेचार मिनिटांच्या आत. शेवटचं वाक्य होतं, 'तो भोंगा आजही माझ्या कानात वाजतो.' भाचीनं मान वर केली.

"कुठला भोंगा?"

गोष्ट गेली होती, तिचं शेपूट राहिलं होतं. मग मार्शल लॉच्या आधी एकच वाक्य परत घातलं, 'माझे आजोबा मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरातले, हे शहरच तसं होतं.' दहा शब्द, पाचेक सेकंद. भाकरी आणि चटणी मात्र घरीच राहिली.