धारवाडच्या घराची पत्रिका

आज गृहप्रवेशाची कन्नड पत्रिका पक्की झाली. वर कुलदैवत ‘प्रसन्न’, मग संवत्सर, मास, तिथी, मुहूर्ताची लग्नरास आणि ‘सकुटुंब सपरिवार समेतरागि आगमिसि’, हे सासूबाईंनी सांगितलं तसंच ठेवलं. थोरली मंडळी आधी तेच वाचतात. भाचरांसाठी खाली तारीख, पूजेची आणि जेवणाची वेळ ठळक अक्षरांत, शेजारी नकाशाचा क्यूआर कोड.

खरा वेळ गेला तो ओळींमधल्या अंतरात. कन्नड जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लोंबतो. ओळी जवळ आणल्या की तो पुढच्या ओळीत घुसतो. ‘प्रसन्न’मधला खालचा न तर अर्धा कापला जात होता. अंतर दीडपट केलं, जागेसाठी सजावटीची वेलबुट्टी काढली. ‘सुखागमन बयसुववरु’ या निमंत्रकांच्या मथळ्याखाली आजेसासऱ्यांचं नाव मात्र सगळ्यांत आधी. त्यांनी चष्म्याशिवाय वाचली, फार बरं वाटलं!