कोऱ्या चौकटीचा कॉन्फिडन्स

मंगळवारी सकाळी भाऊसाहेब दोन प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आले. ते तलाठी म्हणून निवृत्त झालेत आणि आमच्याकडे रिव्ह्यूअर आहेत. गावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, तसंच आम्हीही म्हणतो. एक प्रिंट आमच्या सिस्टिमने वाचलेल्या माहितीचा होता आणि दुसरा मूळ सातबाऱ्याच्या स्कॅनचा. त्यांनी स्कॅनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, इथे सोसायटीचा बोजा आहे. तुमच्या मशीनने इतर हक्क कोरं दाखवलंय."

मला आधी काहीच दिसलं नाही. कागद खिडकीशी नेला तेव्हा राखाडी ठिपक्यांची एक ओळ दिसली. तिच्यात 'वि.का.स. सोसा. बोजा रु.' एवढं, म्हणजे जमिनीवर सोसायटीच्या कर्जाचा भार आहे एवढं वाचता आलं, रक्कम लागत नव्हती. शेजारी एका फेरफार क्रमांकाचं अर्धं वर्तुळ होतं. हाताने लिहिलेला, जुन्या पुनर्लेखनाच्या आधीचा सातबारा. फिक्या निळ्या शाईने लिहिलेली नोंद, आणि स्कॅन करणाऱ्याने ती काळं-पांढरं करून पाठवली होती.

आमचं काम थोडक्यात असं. बँकेला जमीन तारण घ्यायची असते, बँकेचा वकील तीस वर्षांचे जुने सातबारे आणि फेरफार मागवतो. आम्ही त्या कागदांतून गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार, इतर हक्क अशी एकेक चौकट वाचून तक्त्यात भरतो. प्रत्येक चौकटीला शून्य ते एकच्या मधला एक गुण मिळतो, तोच कॉन्फिडन्स. ०.९२ च्या खाली गुण असेल तर चौकट माणसाकडे जाते, वर असेल तर कोणी न पाहता पुढे जाते. भाऊसाहेबांना हा कागद मिळाला तो निव्वळ त्या आठवड्याच्या नमुना तपासणीत आला म्हणून. न पाहता पुढे गेलेल्या चौकटींतून शंभरातल्या दोन आम्ही अशाच उचलून दाखवतो. ही तपासणी बंद करून खर्च वाचवावा, असं दोन महिन्यांपूर्वी बैठकीत ठरत आलं होतं.

गुण काढण्यावर मी खूप कष्ट घेतले होते, म्हणून हे जास्त लागलं. वाचणारं मॉडेल प्रत्येक अक्षराला वेगळी खात्री देतं आणि त्यातून सगळ्या चौकटीचा एक गुण करायचा असतो. सुरुवातीला आम्ही सरासरी घ्यायचो. पण वीस अक्षरांच्या नावात एकोणीस अक्षरं ०.९९ ची आणि एकच ०.५५ चं असलं, तरी सरासरी ०.९७ च्या घरात येते. नाव जितकं लांब, तितकं कच्चं अक्षर झाकलं जातं. क्षेत्रात तर एकच आकडा जमीन बदलतो. हाताने लिहिलेल्या ९ चा फुगा बुजला की तो १ दिसतो, आणि ०.९५ हेक्टरचे ०.१५ होतात, म्हणजे पंचाण्णव आरांचे पंधरा. म्हणून सरासरी सोडून आम्ही सर्वांत कमकुवत अक्षराचा गुण चौकटीला द्यायला लागलो. मग दोनशे क्षेत्रं हाताने तपासून पाहिली. ०.९५ च्या वर गुण असलेल्या त्या दोनशेत अकरा चुकीची निघाली, म्हणजे मॉडेल स्वतःला जेवढं खात्रीचं समजत होतं तेवढं ते नव्हतं. त्यावरून क्षेत्राचा थ्रेशोल्ड वाढवला. नावांत 'अ.पा.क.' आणि 'ए.कु.मॅ.' यांसारखी तलाठी कार्यालयाची संक्षिप्त रूपं येतात. तिथे गुण विनाकारण पडायचा, म्हणून तोही वेगळा बसवला. हे सगळं काम वाचलेल्या अक्षरांवरचं होतं.

कोऱ्या चौकटीत अक्षरच नसतं. अक्षर नाही म्हणून गुण नाही, आणि गुण नाही म्हणून डेटाबेसमध्ये NULL, म्हणजे 'किंमत माहीत नाही' अशी खूण. माणसाकडे काय पाठवायचं हे ठरवणारी क्वेरी मीच सात महिन्यांपूर्वी लिहिली होती:

```sql
SELECT field_id FROM fields
WHERE confidence < 0.92;
```

NULL हा ०.९२ पेक्षा कमी आहे का, या प्रश्नाला डेटाबेस 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. उत्तर 'अज्ञात' येतं, आणि WHERE फक्त 'हो' आलेल्या ओळी उचलतो. त्यामुळे यंत्राला ज्या चौकटीबद्दल काहीच माहीत नव्हतं, ती कधीच माणसाच्या रांगेत आली नाही. सात महिने असंच चाललं. डॅशबोर्डवर त्या चौकटी 'न अडता पास' या हिरव्या टक्क्यात मोजल्या जात होत्या, आणि क्लायंटच्या मॅनेजरला तोच टक्का दर सोमवारी वाढलेला हवा असायचा. तो आकडा मी स्वतः स्लाइडवर टाकत होते.

दुरुस्ती एका ओळीची होती:

```sql
WHERE confidence IS NULL
   OR confidence < 0.92;
```

ती टाकली आणि दुपारपर्यंत रिव्ह्यूअरची रांग तुंबली. इतर हक्क ही चौकट खरोखरच पुष्कळदा कोरी असते. कागदावर कुणाचा बोजा नाही, कूळ नाही, विहिरीतला हिस्सा नाही, तर लिहिणार काय? कोऱ्या दिसणाऱ्या प्रत्येक चौकटीवर माणूस बसवला, तर तो दिवसभर पांढरा कागद बघत राहील, आणि शंभर रिकाम्या चौकटींनंतर एकशेएकावी भरलेली असली तरी त्याचं बोट सवयीने पुढे जाईल. भाऊसाहेबांसारखा माणूस विरळा.

तेव्हा प्रश्न असा झाला की 'इथे काही नाही' या उत्तराला गुण कसा द्यायचा. संध्याकाळी मी, भाऊसाहेब आणि आमचा एक तरुण सहकारी एकत्र बसलो. पहिला उपाय शाईचा. चौकटीच्या रेघा काढून टाकायच्या आणि आत किती गडद ठिपके उरतात ते मोजायचं. शाई आहे आणि मॉडेलने मजकूर दिला नाही, तर चौकट सरळ माणसाकडे. पण आमच्या कागदात काळं-पांढरं करतानाच बहुतेक शाई उडाली होती, उरले ते धुळीसारखे ठिपके. म्हणून ही मोजणी मूळ राखाडी स्कॅनवर व्हायला हवी. स्कॅन करणाऱ्यांना मी पूर्वी दोनदा लिहिलं होतं की राखाडी फाइल पाठवा. फाइल मोठी होते म्हणून ते काळं-पांढरंच पाठवत राहिले. शाई एकदा अशी उडाली की पुढचं कोणतंही मॉडेल ती परत आणू शकत नाही.

दुसरा उपाय भाऊसाहेबांनी सांगितला, आणि तो माझ्या सगळ्या गुणांपेक्षा मोलाचा निघाला. "बोजा कधी एकटा येत नाही," ते म्हणाले. "फेरफार झाल्याशिवाय सातबाऱ्याला नोंद लागत नाही. गाव नमुना ६ बघा." त्या नमुन्यातल्या फेरफारच्या नोंदी आम्ही वाचतच होतो, पण सातबाऱ्याशी त्यांची गाठ घालत नव्हतो. आता त्याच गटाच्या एखाद्या फेरफारात 'बोजा' असेल आणि इतर हक्क कोरं असेल, तर गुण काहीही असो, ती चौकट माणसाकडे जाते. बोजा कमी केल्याचा दुसरा फेरफार सापडला, तर तोही सोबत दाखवतो. आमच्या त्या गटाचा बोजा चढवल्याचा फेरफार सापडला, कमी केल्याचा नाही. नंतरच्या सातबाऱ्यातही बोजा नव्हता. दर दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहिला जायचा, तेव्हा जुनी नोंद पुढच्या कागदावर उतरवायची राहून जाते. भाऊसाहेबांनी असं स्वतः पाहिलं होतं. वकिलाला नेमकी हीच माहिती हवी असते, कारण मग सोसायटीकडून कर्ज बाकी नसल्याचा निल दाखला मागावा लागतो.

बुधवारी जुन्या सगळ्या NULL चौकटी बाहेर काढल्या. इतर हक्काच्या १,८४० निघाल्या. चार जणांनी दोन दिवस त्या डोळ्यांनी पाहिल्या. ३७ मध्ये काहीतरी लिहिलेलं होतं. बहुतेक जुन्या तगाईच्या नोंदी आणि विहिरीतले हिस्से होते, पण नऊ बोजे होते. ज्या फाइली वकिलांकडे गेल्या होत्या त्यांच्यासाठी मी एकेकाला फोन केला. एका वकिलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाकीच्या कोऱ्या चौकटी कोऱ्याच आहेत हे तुम्ही कशावरून म्हणता?"

त्या रात्री मी हिशोब मांडला. एक चौकट माणसाने पाहायला आम्हाला साधारण दीड रुपया पडतो. सुटलेल्या बोज्यामागे वकिलाचा पुन्हा शोध, प्रवास, दाखला असं धरून किमान हजार रुपये जातात, कर्ज वाटप झालं असेल तर नुकसान याच्या कितीतरी पट. हजाराला दीड म्हणजे चूक ०.१५ टक्क्याहून जास्त असण्याची शक्यता असेल, तर माणसाकडे पाठवणंच स्वस्त. पण चूक ०.१५ टक्क्याहून कमी आहे हे सिद्ध करायला, एकही चूक न सापडता सुमारे दोन हजार चौकटी तपासाव्या लागतात. आमची क्षेत्राची तपासणी दोनशेंवर झाली होती. दोनशेंत एकही चूक सापडली नसती तरी खरं प्रमाण दीड टक्क्यापर्यंत असू शकलं असतं. म्हणजे इतर हक्काला कोणताही थ्रेशोल्ड देण्याइतका पुरावा आमच्याकडे नव्हताच. शाईची मोजणी आणि फेरफारची गाठ या दोन्हींतून पार झालेल्या कोऱ्या चौकटींपैकी दहातली एक सध्या माणूस बघतो, आणि दोन हजार भरेपर्यंत हेच चालू राहील. रिव्ह्यूअरला पानाचा फक्त तुकडा दिसतो, मशीनचं उत्तर दिसत नाही. दिसलं की तेच खरं वाटायला लागतं.

मॅनेजरना मी सांगितलं की 'न अडता पास'चा टक्का खाली येणार आणि तो आलाच पाहिजे. ते नाराज झाले. सोमवारच्या स्लाइडवर आता त्याच्या शेजारी 'न पाहता गेलेल्या कोऱ्या चौकटी' असा दुसरा आकडा आहे.

शुक्रवारी भाऊसाहेब पुन्हा आले. या वेळी खातेदाराचं नाव अचूक वाचलं होतं आणि गुण ०.९८ होता. नावाभोवती मात्र पुसट कंस होता. सातबाऱ्यात कंस केलेलं नाव म्हणजे कमी झालेला माणूस, त्याचा त्या जमिनीत आता हक्क नाही. मॉडेलने सगळी अक्षरं बरोबर वाचली आणि कंस सोडला. गुण अक्षरांना मिळतो, कंसाला कोणी विचारलंच नाही. खातेदाराची चौकट सध्या मी सगळीच माणसाकडे पाठवते आहे, आणि कंसाच्या रेघा वेगळ्या शोधायचं काम सोमवारी सुरू होईल.