क्लिकरचं काळं बटण आणि माझे गेलेले आठ दिवस

आठ दिवस आणि सेलचे दोन जोड वाया गेले, तेही एका बटणापायी, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आमच्याकडे रत्नागिरीजवळ गावातल्या बागायतदारांसमोर दरवर्षी मोहोर फुटायच्या सुमारास मी बोलतो, हापूसवरच्या तुडतुड्यांवर आणि फुलकिड्यांवर. वेळ पंधरा मिनिटं. मध्येच पडदा काळा करून हातातली मोहोराची डहाळी दाखवायची असते, कारण पडद्यावर फोटो असला की माणसं डहाळीकडे बघतच नाहीत. त्यासाठी क्लिकर घेतला. पुढची स्लाईड, मागची स्लाईड झकास चालली. पडदा काळा करायचं बटण मात्र दाबून दाबून अंगठा दुखला तरी ढिम्म.

दुकानात गेलो. "सेल बदला." बदलले. परत गेलो, "दुसऱ्या कंपनीचे टाका." टाकले. तिसऱ्यांदा म्हणाला की असल्या स्वस्त क्लिकरचं ते बटण नुसतं नावापुरतं असतं, तेव्हा मात्र डोकं सणकलं. अहो, त्याच सेलवर बाकीची बटणं चालतायत ना? मग सेलचा काय संबंध?

शेवटी पुतणीने सोडवलं. म्हणाली, "काका, नोटपॅड उघडा आणि एकेक बटण दाबून बघा." पडदा काळा करायचं बटण दाबलं आणि कागदावर एक टिंब आलं. नुसता फुलस्टॉप. सुरू करायचं बटण दाबलं तर आजची तारीख आणि वेळ उमटली, कारण ते बटण F5 पाठवतं आणि नोटपॅडमध्ये F5 म्हणजे तारीख-वेळ. तेच बटण दुसऱ्यांदा दाबलं तर काही नाही, तेव्हा ते Esc पाठवत होतं. तेव्हा कळलं, हा क्लिकर म्हणजे चार-पाच बटणांचा कीबोर्ड आहे बस. त्याला पडदाबिडदा काही कळत नाही, तो फक्त की पाठवतो, आणि पुढे काय करायचं ते समोर उघडलेला प्रोग्राम ठरवतो. (म्हणूनच मध्ये दुसरी विंडो पुढे आली तर स्लाईड हलत नाही, आधी स्लाईडवर एकदा माऊसने क्लिक करा.)

पॉवरपॉईंटला टिंब म्हणजे काळा पडदा हे माहीत असतं, B दाबलं तरी तेच. पण मी पॉवरपॉईंट वापरतच नव्हतो! मागच्या वर्षी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर माझा मराठी फॉन्ट नव्हता आणि जोडाक्षरं अशी तुटली की 'फुलकिड्यां'चं काय झालं ते सांगवत नाही, तेव्हापासून पीडीएफच करून नेतो, फॉन्ट फाईलमध्येच बसतो. आणि माझ्या नेहमीच्या पीडीएफ रीडरला टिंब म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. क्लिकर बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबर काम करत होता.

उपाय फुकटात झाला. SumatraPDF हा दुसरा पीडीएफ रीडर टाकला. त्यात F5 दाबलं की प्रेझेंटेशन मोड सुरू होतो, आणि त्या मोडमध्ये टिंब आलं की पडदा काळा, परत दाबलं की स्लाईड हजर. पहिल्यांदा झालं तेव्हा घरातल्या घरात मी दहा वेळा काळा-पांढरा खेळ केला.

मग हाव सुटली, म्हटलं F5 नेच टायमरपण सुरू व्हावा. त्यासाठी कोणती की दाबली की काय व्हावं ते ठरवू देणाऱ्या AutoHotkey या प्रोग्रामची दुसरी आवृत्ती टाकली आणि ही फाईल `.ahk` नावाने सेव्ह करून डबल क्लिक केली:

```
#Requires AutoHotkey v2.0
#HotIf WinActive("ahk_exe SumatraPDF.exe")
~F5::SetTimer(Vel, -720000)
b::.
#HotIf
Vel() {
    SoundBeep(800, 400)
}
```

720000 म्हणजे बारा मिनिटं, मिलिसेकंदात, म्हणजे बीप झाली की माझ्याकडे तीन मिनिटं उरतात. आकड्याआधीचं वजा चिन्ह विसरू नका, नाहीतर दर बारा मिनिटांनी वाजत राहील. F5 च्या आधीचं `~` पण हवंच, ते नसेल तर टायमर सुरू होतो पण F5 सुमात्रापर्यंत पोचत नाही आणि स्लाईड शो उघडतच नाही, माझं पहिल्यांदा तेच झालं. `b::.` ही ओळ मित्राच्या क्लिकरसाठी, त्याचा टिंबाऐवजी b पाठवतो. तुमचा काय पाठवतो ते नोटपॅडमध्ये आधी बघा, मगच ती ओळ ठेवा.

एक अडचण आहे. बोलता बोलता चुकून सुरू करायचं बटण दाबलं गेलं तर Esc जाऊन शो बंद होतो, परत दाबून सुरू केला की बारा मिनिटं पहिल्यापासून मोजली जातात. त्यामुळे मी सुरुवात झाली की अंगठा त्या बटणापासून लांबच ठेवतो.

आणि हो, एचडीएमआय लावल्यावर आवाज प्रोजेक्टरकडे जाऊ शकतो, मग बीप सगळ्या सभागृहाला ऐकू जाणार. आधीच साउंडचं आउटपुट लॅपटॉपच्या स्पीकरवर घ्या.

यंदा सभागृहात डहाळी हातात घेतली, बटण दाबलं, पडदा काळा झाला. पुढच्या रांगेतले दोन आजोबा खुर्ची ओढून पुढे सरकले आणि एकाने मोहोर आपल्या तळहातावर झटकून पाहिला, बारीक किडे चालताना दिसले तसा शेजारच्याला म्हणाला, "हे बघ, हेच ते."