माणिक खरं, पण खाणीतलं का?

"खडा खरा आहे का, हे नुसतं भिंगातून बघून कळतं का हो?"

नुसत्या भिंगानं भागत नाही, आणि भिंगावाचून तर मुळीच नाही. गिरगावातल्या एका काकूंनी सासूबाईंची अंगठी आणली होती, तिचंच सांगते. लाल खडा, घरात सगळे माणिक म्हणत आलेले. पण लाल तर तामडाही असतो, लालडीही आणि काचसुद्धा.

आधी रिफ्रॅक्टोमीटर. त्याच्या काचेवर खास द्रवाचा थेंब टाकायचा आणि खड्याचा वरचा सपाट पैलू त्यावर टेकवायचा. खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो, ते आतल्या पट्टीवर सावलीच्या कडेवरून वाचता येतं. काकूंचा खडा फिरवत गेले तसे दोन आकडे मिळाले, १.७६२ आणि १.७७०. माणकाचे हेच. तामड्याचा आकडा कधीकधी अगदी इथेच येतो, पण खडा कितीही फिरवा, तो एकच राहतो. लालडीचाही एकच, १.७१८ च्या आसपास.

मग स्पेक्ट्रोस्कोप. खड्यातून आलेला प्रकाश यात इंद्रधनुष्यासारखा पसरतो, आणि खड्यानं गिळलेले रंग काळे दिसतात. इथे तांबड्या टोकाला बारीक रेघा, पिवळ्या-हिरव्यात रुंद काळा पट्टा आणि निळ्यात पुन्हा रेघा होत्या. ही माणकातल्या क्रोमियमची खूण. तामड्यात लोहाचे ठळक पट्टे दिसले असते.

काकू खूश झाल्या. मी म्हटलं, जरा थांबा.

कारण कारखान्यातलं माणिकही रसायनानं माणिकच असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉयनं १९०२ मध्ये त्याची पद्धत जाहीर केली. ज्योतीतून वितळत पडणारी पूड खालच्या गोलसर माथ्यावर थरावर थर साचते. आकडे तेच, रेघाही त्याच. फरक दिसतो तो दहापट भिंगात. खडा तिरका धरून मागून उजेड घेतला, तर आत बाकदार रेषा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि कधी वायूचे बुडबुडे. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात वळलेले असतात, किंवा रेशमासारख्या बारीक सुया.

काकूंच्या खड्यात रेषा बाकदार होत्या. जुन्या दागिन्यांत हे नवं नाही, अशी माणकं शंभर वर्षांपासून बाजारात आहेत.

झवेरी बाजारात घेताना आणखी एक बघा. खाणीतल्याच, पण भेगाळ माणकात शिशाची काच भरलेली असते. आकडे आणि रेघा माणकाच्याच येतात. भिंगाखाली खडा हलवला की भेगेत निळसर चमक उठते आणि चपटे बुडबुडे दिसतात. अशी अंगठी दुरुस्तीला देताना सोनाराला आधी सांगा. डाग देतानाच्या आचेनं किंवा सफाईच्या आम्लानं ती काच खराब होते आणि भेगा उघड्या पडतात.